"जागा नव्हती" हे कारण आता पुरे!

मंडळी, परवा संध्याकाळी विचुंब्यात चहाच्या टपरीवर दोघांचं भांडण लागलं होतं. विषय विमानतळाच्या नावाचा. एक जण छातीठोकपणे सांगत होता, "अहो, दिबांचं नाव कधीच लागलंय. २०२२ ला झालं ते. माझ्याकडे पेपरचं कात्रण आहे." दुसरा म्हणत होता, "मग आंदोलनं कशाला चालू होती?" पहिल्याने मोबाईल काढला आणि कात्रणाचा फोटो दाखवला. मथळा ठसठशीत होता: "विमानतळाला दिबांचे नाव". खाली बातमी होती, पण फोटो मथळ्यापुरताच कापलेला. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने जे वाचलं तेच तो सांगत होता. खोटं बोलला होता मथळा.

मी या धंद्यात वीस वर्षांच्या आसपास आहे. त्यातली बरीच वर्षं डेस्कवर गेली, म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्या नीट करायच्या, मथळे द्यायचे आणि पान वेळेत सोडायचं. त्यामुळे तो मथळा कसा तयार झाला असेल हे मी न बघता सांगू शकतो. बातमीदाराने लांबलचक हेडिंग पाठवलं, ते जागेत मावलं नाही, घड्याळात अकरा वाजून गेले होते, आणि उपसंपादकाने शेवटून शब्द उडवायला सुरुवात केली. सकाळी कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "जागा नव्हती हो!"

हे उत्तर मला मान्य नाही. आज जरा हिशेबानेच दाखवतो की जागा होती.

आधी झालं काय होतं ते बघू. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात राज्याच्या विधिमंडळाने नवी मुंबई विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं असा ठराव मंजूर केला आणि केंद्राकडे शिफारस केली. विमानतळाला नाव देण्याचा अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा आहे. म्हणजे त्या दिवशी नाव लागलं नव्हतं, नाव लावा अशी रीतसर मागणी राज्याने केली होती. पायरी मोठी होती, पण शेवटची नव्हती. पुढे ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हाही अधिकृत नाव 'नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ' असंच होतं.

आता डेस्कवर येणारा पूर्ण मथळा साधारण असा असतो:

"नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर, केंद्राकडे शिफारस"

हा मथळा शंभर टक्के खरा आहे. पण मोजा. आमच्याकडे मोजायची साधी पद्धत होती. मराठीत एक अख्खं अक्षर म्हणजे एक, मग त्याला काना असो, मात्रा असो किंवा ते जोडाक्षर असो. दोन शब्दांतली मोकळी जागा म्हणजे अर्धं. या हिशेबाने वरचा मथळा छप्पन्न अक्षरांचा होतो. तीन कॉलमच्या बातमीला ३६ पॉइंटचा टाइप लावला तर आमच्या पानावर एका ओळीत सतरा-अठरा अक्षरं बसायची. अठरा धरा. दोन ओळी म्हणजे छत्तीस. वीस अक्षरं जास्त झाली.

इथे वाईट उपसंपादक आणि चांगला उपसंपादक वेगळे होतात. वाईट उपसंपादक विचारतो, "काय काढलं की मावेल?" चांगला विचारतो, "काय काढलं तर बातमी बदलेल?" आणि तेवढे शब्द आधी बाजूला बांधून ठेवतो. बाकी सगळ्याला कात्री लावायला तो मोकळा असतो.

या मथळ्यात बांधून ठेवायचे शब्द कोणते? 'ठराव', 'मंजूर' आणि 'विधिमंडळात'. काय झालं, कुठपर्यंत झालं आणि कोणी केलं, हे या तीन शब्दांत आहे. 'विमानतळ' आणि 'दिबा' हा तर विषयच, तो जाणार नाही. आता उरलं काय ते बघा. 'नवी मुंबई आंतरराष्ट्रीय' हे पनवेल, उरण, उलव्याच्या वाचकाला सांगायची गरज आहे का? आपल्याकडे विमानतळ म्हटलं की एकच. 'दि. बा. पाटील यांचे' या ऐवजी आपण सगळे बोलताना 'दिबांचे' म्हणतो. त्यात अनादर नाही, उलट घरोबा आहे. ज्या माणसाच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत शेतकरी रस्त्यावर उतरले, पाच जणांनी गोळ्या झेलल्या आणि पुढे साडेबारा टक्के जमिनीचं तत्त्व मिळालं, त्याला इथे पूर्ण नावाची ओळख लागत नाही. नागपूरच्या आवृत्तीत लागेल, तिथे पूर्ण नाव ठेवा. आणि 'केंद्राकडे शिफारस' हा भाग मथळ्याच्या डोक्यावरच्या छोट्या ओळीत, आम्ही जिला शोल्डर म्हणतो, तिथे जाऊ शकतो.

उरलेला मथळा:

"विमानतळाला दिबांचे नाव देण्याचा
ठराव विधिमंडळात मंजूर"

मोजा. पहिली ओळ साडेपंधरा, दुसरी तेरा. दोन्ही अठराच्या आत. दोन ओळींत मावला, वर जागा शिल्लक राहिली, आणि एका अक्षरानेही खोटा नाही. मग कुठे होती जागेची अडचण?

कोणी म्हणेल, तुम्हाला दोन ओळी मिळाल्या, आम्हाला एकच होती. ठीक आहे, एकच ओळ घ्या. अठरा अक्षरं. "दिबांच्या नावाचा ठराव मंजूर" हा साडेतेरा अक्षरांत बसतो. 'विमानतळ' गेलं, 'विधिमंडळ' गेलं, म्हणून शोल्डरला "विमानतळ: विधिमंडळाची केंद्राकडे शिफारस" एवढं लहान टाइपात टाकलं की झालं. शोल्डरशिवाय मात्र हा मथळा मी सोडणार नाही, कारण ठराव ग्रामपंचायतही करते, नगरपालिकाही करते. कोणाचा ठराव हे कळलं पाहिजे.

दुसरा एक पर्याय मोहात पाडतो: "विधिमंडळात दिबांच्या नावाचा ठराव". साडेसोळा अक्षरं, मावतो. पण यात 'मंजूर' गेलं. नुसता 'ठराव' म्हणजे मांडला, की चर्चेला आला, की फेटाळला? इथे चूक उलट्या बाजूला झाली, झालेलं कमी करून सांगितलं. दिशाभूल ती पण दिशाभूलच.

आणि टपरीवरचा तो मथळा, "विमानतळाला दिबांचे नाव"? बारा अक्षरं. सगळ्यांत छोटा, वाचायला सगळ्यांत गोड, आणि सगळ्यांत खोटा. कारण मराठीत क्रियापद उडवलं की वाक्य आपोआप 'झालं' असं ऐकू येतं. "गावाला पाणी", "रस्त्याला मंजुरी", "विमानतळाला नाव". वाचणारा मनातल्या मनात 'मिळालं' हा शब्द स्वतःच जोडतो. आपण खोटं लिहिलं नाही, वाचकाच्या डोक्यात घडवलं. म्हणून मराठी मथळ्यात 'ठराव', 'प्रस्ताव', 'मागणी', 'शक्यता', 'आरोप' हे शब्द म्हणजे भरती नाही. ते वाक्याची वेसण आहेत. सोडली की बैल उधळतो.

आता एक बारीक गोष्ट, जी डेस्कवरचे अनुभवी लोकही विसरतात. मथळा खरा असून ओळ चुकीच्या जागी तुटली तर तो खोटा होतो. हाच मथळा असा लावा:

"विमानतळाला दिबांचे नाव
देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर"

शब्द तेच, अक्षरं तेवढीच, दोन्ही ओळी मावतात. पण पहिली ओळ एकटी वाचली की काय निघतं? तेच, टपरीवरचं. स्टँडवर घडी घातलेल्या पेपराची वरची ओळच दिसते. मोबाईलवर मथळा अर्धवट तुटून पुढे तीन टिंबं येतात. 'देण्याचा' हा एक शब्द वरच्या ओळीत ओढला की पहिली ओळ अधांतरी राहते आणि वाचणाऱ्याला खाली बघावंच लागतं. ओळ अशा जागी तोडायची की वरचा तुकडा एकटा निघाला तरी त्याने खोटं बोलता कामा नये.

आता तुम्ही म्हणाल, मोठा शहाणा लागून गेला, याने कधी चूक केली नाही काय? केली आहे. तीच सांगायला ही पोस्ट लिहितोय.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. आपल्या भागातली बातमी आली होती. एका सरकारी कार्यालयातल्या बैठकीत गावांमधली अनधिकृत घरं नियमित करण्याबाबत प्रस्ताव सादर करा, अशी सूचना वरिष्ठांनी दिली होती. एवढंच. प्रस्ताव अजून तयारही नव्हता. एक ओळीची जागा होती, अठरा अक्षरांची. मी मथळा दिला: "अनधिकृत घरे नियमित होणार". साडेपंधरा अक्षरं. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मस्त बसला." मी पण खूश झालो.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याच ओळखीतले एक काका माझ्याकडे आले. चाळीतली एक खोली घ्यायला त्यांनी पन्नास हजार टोकन दिलं होतं. दलालाने त्यांना माझंच कात्रण दाखवलं होतं, लॅमिनेट करून ठेवलेलं. "हे बघा, पेपरात आलंय, नियमित होणार." खोलीच्या मालकाला पुढे नोटीस आली. दलाल फोन उचलेना. काकांना माहीत नव्हतं की तो मथळा मी लिहिलाय. ते मला विचारत होते, "तू पेपरात आहेस ना, आता याचं काय करायचं?" मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. बातमीत दुसऱ्या परिच्छेदात सगळं बरोबर छापलं होतं. पण लॅमिनेशनमध्ये दुसरा परिच्छेद नव्हता.

त्या रात्री मी तो मथळा परत करून बघितला. "घरे नियमित करण्याचा प्रस्ताव मागवला". 'अनधिकृत' लिहायची गरजच नव्हती. जे नियमित करायचं आहे ते अनधिकृतच असणार, तो अर्थ 'नियमित' या शब्दाच्या पोटात आहे. मोजलं तर एकोणीस अक्षरं. ओळ अठराची. एक अक्षर जास्त! आणि ते एक अक्षर बसवायला काय लागलं असतं? टाइप ३६ वरून ३४ पॉइंट केला असता तर अठराच्या जागी एकोणीस बसली असती. दोन पॉइंट. वाचकाला फरक कळलाही नसता. त्या दोन पॉइंटांची किंमत काकांनी पन्नास हजार मोजली.

इथे एक सावधगिरी सांगतो. टाइप लहान करणं किंवा अक्षरं आडवी दाबणं याला मर्यादा आहे. दोन पॉइंट उतरवले की एक अक्षर मिळतं. आडवी रुंदी शंभरवरून पंचाण्णव टक्के केली की आणखी एक मिळतं. नव्वदच्या खाली गेलात की देवनागरी चिरडते, काने एकमेकांना चिकटतात, जोडाक्षर डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणून दाबून वीस अक्षरं मावत नाहीत, ती शब्द बदलूनच काढावी लागतात. दाबायचं ते शेवटच्या एका-दोन अक्षरांसाठी, 'प्रस्ताव' किंवा 'आरोप' वाचवण्यासाठी.

आता आमच्या बिरादरीची ठरलेली उत्तरं घेऊ.

पहिलं, "बातमीत खाली सगळं लिहिलंय." लिहिलं असेल. पण कात्रण फिरतं ते मथळ्याचं. भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही हेच आहे की मथळा खाली छापलेल्या मजकुराला धरून असला पाहिजे, आणि आरोपाचा मथळा असेल तर आरोप कोणी केला ते सांगावं, निदान अवतरण चिन्हं तरी टाकावीत. म्हणजे मजकूर बरोबर असणं ही मथळ्याची सुटका नाही. अवतरण चिन्हांबद्दल माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे लोक दुकानाच्या पाटीवरही नुसत्या शोभेसाठी अवतरण टाकतात. त्यामुळे "सरपंचाने 'पैसे खाल्ले'" असं छापलं तर निम्मे वाचक ते जोर देण्यासाठी आहे असंच समजतील. 'आरोप' हे तीन अक्षरी काम चिन्हावर टाकू नका.

दुसरं, "प्रश्नचिन्ह टाकलं होतं." होय, "दिबांचे नाव लागले?" असाही मथळा मी बघितला आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर बातमीतच 'नाही' असं आहे, तो प्रश्न मथळ्यात विचारणं म्हणजे चोरवाटेने तेच सांगणं.

तिसरं, आणि हे मला जास्त लागतं: "अरे, नाव दिबांचंच आहे, भावनेचा प्रश्न आहे, तू कशाला खोट काढतोस?" मी पण याच मातीतला आहे. ते नाव लागावं हे मलाही वाटतं. म्हणूनच सांगतो. "नाव लागलं" असं छापलं की लढा संपल्यासारखा वाटतो. टपरीवरचा तो माणूस आंदोलनाला का जाईल? त्याच्या मते काम २०२२ लाच झालंय. आपल्या बाजूचा खोटा मथळा आपल्यालाच बुडवतो.

अजून एक ताजं उदाहरण देतो. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं तेव्हा मोबाईलवर फिरणाऱ्या काही कार्डांवर मी "विमानतळ सुरू" असं वाचलं. 'उद्घाटन' चार अक्षरं, 'सुरू' दोन. दोन अक्षरं वाचवली. प्रत्यक्षात पहिली विमानं प्रवासी घेऊन उडाली ती २५ डिसेंबर २०२५ ला. मधले अडीच महिने माझ्याकडे फोन येत होते, "अहो, गोव्याचं तिकीट दिसत कसं नाही?" कार्डाला तर कॉलमची मर्यादाही नाही. तिथे जागा कमी नव्हती, पाच मिनिटांचा कंटाळा होता.

आमच्या तरुण बातमीदारांना आणि पोर्टल चालवणाऱ्या पोरांना माझं एकच सांगणं आहे. मथळा कापून झाला की ज्याने बातमी वाचलेली नाही अशा माणसाला तो दाखवा. ऑपरेटरला, शिपाईकाकांना, घरी बायकोला. विचारा, "काय झालं, सांगा?" त्यांनी सांगितलेलं आणि बातमीच्या पहिल्या परिच्छेदातलं एकच निघालं तर पान सोडा. "नाव लागलं म्हणे" असं उत्तर आलं तर परत बसा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्या रात्री मी ऑपरेटरला "बसला का?" एवढंच विचारलं होतं. "काय झालं?" असं विचारलं असतं तर काकांचे पैसे वाचले असते.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी. कात्रण आलं आणि मथळ्यात क्रियापदच नसेल, तर शेअर करायच्या आधी खालची दोन वाक्यं मागवून घ्या. जमीन, घर, मोबदला, नैना या विषयांवर तर हमखास. आपल्या गावात मथळ्याच्या भरवशावर व्यवहार होतात, हे दलालांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं.

काकांचे पैसे परत आले नाहीत. ते लॅमिनेट केलेलं कात्रण मात्र मी त्यांच्याकडून मागून घेतलं. माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मथळा मावत नसला की आधी त्याच्याकडे बघतो.

तुमच्याकडे असे फसवे मथळे असतील तर कमेंटमध्ये फोटो टाका. पेपर कोणाचाही असो, माझा जुना असला तरी चालेल. आपण मिळून मोजू, खरं तेवढंच ठेवून मावतो का ते.

#विचुंबे #पनवेल #मथळा